लाईट गेली की बीप, लाईट असतानाही बीप: ओगलेवाडीतल्या एका इन्व्हर्टरचं प्रकरण

डिसेंबरातली दुपार होती. कराडजवळच्या ओगलेवाडीतून सरांचा फोन आला. सर म्हणजे आमचे शाळेतले गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. "अरे, आपला इन्व्हर्टर मेला बहुतेक. लाईट गेली की अंधार. बॅटरी घेऊन येतोस का?"

बॅटरी न घेताच गेलो. इन्व्हर्टर 900 व्हीएचा, म्हणजे 700 वॅटपर्यंत भार घेणारा, साइन वेव्ह जातीचा, खाली 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. दोन्ही चार वर्षांपूर्वी मीच बसवलेले. इन्व्हर्टरच्या लाईनवर हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि वरचं बाथरूम यांतले दिवे आणि पंखे, शिवाय टीव्ही. फ्रीज, मिक्सर, पंप आणि गिझर तेव्हाच मुद्दाम वेगळे ठेवले होते.

समोरच्या पॅनेलवर चार्जिंगचा दिवा बंद होता. हे पहिलं चिन्ह. घरात लाईट आहे, इन्व्हर्टरच्या लाईनवरचे दिवे-पंखेही चालू आहेत, मग चार्जिंग का नाही? बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावला, 12.4 व्होल्ट. पूर्ण भरलेली, काही तास नुसती पडलेली बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवते. म्हणजे ही थोडी उतरली होती, पण मेलेली नव्हती. इन्व्हर्टर पुढे ओढून मागची बाजू पाहिली, तर बायपासचा स्विच बायपासवर.

या स्विचचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण 'इन्व्हर्टर घेतच नाही' अशा तक्रारींत तो पुष्कळदा सापडतो. इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्ती होईपर्यंत घरातले दिवे अडू नयेत म्हणून तो दिलेला असतो. बायपासवर टाकला की बाहेरून येणारी लाईट इन्व्हर्टरच्या आतल्या यंत्रणेला वळसा घालून सरळ घराच्या वायरीत जाते. लाईट असेपर्यंत सगळं चालू दिसतं. लाईट गेली की इन्व्हर्टरचा भाराशी संबंधच नसतो, म्हणून अंधार. सरांच्या इन्व्हर्टरमध्ये त्या स्थितीत बॅटरी चार्जही होत नाही. समोरचं बटण बंद राहिलं तरी तक्रार हीच येते, फक्त त्यात चार्जिंग चालू असतं. दोन्हींत फरक ओळखायचा तो या एका दिव्यावरून.

मी बायपास काढला, चार्जिंगचा दिवा लागला. मग इन्व्हर्टरला येणारी लाईट तिच्या स्विचवरून बंद केली. टक असा आवाज झाला, पंखे क्षणभरही मंदावले नाहीत. दहा मिनिटं सगळं बॅटरीवर चालवलं. पॅनेल शांत. "सर, कुणाचा तरी धक्का लागून स्विच पडला असेल," म्हणालो आणि चहा घेऊन निघालो.

इथे माझी चूक झाली. बायपासचा स्विच मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असतो. धक्का लागून तो पडत नाही, कुणीतरी हात घालून टाकलेला असतो. कुणी आणि कशासाठी, हे मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकूंचा फोन. मागून बीप-बीप ऐकू येत होतं. "अरे, लाईट आहे घरात, फ्रीज चालू आहे, आणि हा ओरडतोय. हॉलमधलं सगळं बंद झालंय."

लाईट असताना ओव्हरलोडची बीप हे विचित्र लक्षण आहे. पण या प्रकरणाचा सगळा उलगडा त्याच्यातच आहे.

लाईट असताना इन्व्हर्टर स्वतः काही वीज तयार करत नसतो. तो बाहेरची लाईट नुसती पुढे सोडतो आणि बाजूला बॅटरी चार्ज करतो. तेव्हा त्याच्या 700 वॅटच्या ताकदीचा प्रश्न येत नाही. पुढे किती भार सोडायचा याला मर्यादा असते ती आतल्या रिलेची, म्हणजे आपोआप पलटणाऱ्या स्विचची, आणि मागे बसवलेल्या फ्यूजची. सरांच्या इन्व्हर्टरला काचेच्या फ्यूजऐवजी दाबायचं काळं बटण आहे, त्यावर 8 अँपिअर छापलंय. जास्त करंट वाहिला की आतली पट्टी तापून वाकते आणि बटण बाहेर उडतं. ते उडालं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, कारण त्याच्यापर्यंत लाईट पोचतच नाही. मग तो इमानदारीने बॅटरीवर जातो. आणि ज्या भाराने बटण उडवलं तो भार अजून चालूच असतो, तो आता 700 वॅटच्या इन्व्हर्टरवर येऊन पडतो. बीप, पुन्हा प्रयत्न, पुन्हा बीप, असं तीन-चार वेळा करून तो स्वतःला बंद करून घेतो.

म्हणून लाईट असताना ओव्हरलोडची बीप ऐकली की इन्व्हर्टर उघडण्याआधी मागचं बटण किंवा फ्यूज बघावा. काकूंना फोनवरच समोरचं बटण बंद करायला सांगितलं आणि गाडी काढली.

पोचलो तेव्हा बटण खरंच उडालेलं होतं, त्याच्याजवळ हात नेला तर पत्रा कोमट. तेव्हा कुठे सर सगळं बोलले. असं पंधरा दिवस चाललं होतं. कधी सकाळी लाईट गेल्यावर बीप करून बंद पडायचा, कधी लाईट असतानाच. रात्री मात्र तासभर लाईट गेली तरी निमूट चालायचा. बटण दाबलं की लगेच बसत नसे, थोड्या वेळाने बसे. शेवटी शेजारच्या एकाने मागचा स्विच सरकवून दिला आणि आवाज कायमचा थांबला. त्यांच्या दृष्टीने तो दुरुस्त झाला होता. आठवड्याने रात्री लाईट गेली आणि अंधार झाला, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

म्हणजे माझ्यापर्यंत जी तक्रार आली ती मूळ दुखण्यावरच्या उपायाची होती. मी आदल्या दिवशी तो उपाय काढला आणि दुखणं परत वर आलं.

रात्री चालतो, सकाळी नाही. इन्व्हर्टर किंवा बॅटरी खराब असती तर घड्याळ बघून खराब झाली नसती. वेळेप्रमाणे बदलणारा असतो तो भार. हे ऐकताच मला गिझर आठवायला हवा होता, आठवलाही. पण गिझरची लाईन मी स्वतः वेगळी ओढली होती, बोर्डावर त्याचा 16 अँपिअरचा मोठा स्विच डोळ्यांनी दिसत होता. "गिझर इन्व्हर्टरवर नाहीये," असं मीच ठामपणे म्हणालो. अशा वेळी आठवणीवर न जाता मोजत जावं. त्या सकाळी मोजलं ते असं.

आधी समोरचं बटण बंद केलं, इन्व्हर्टरला येणारी लाईट बंद केली आणि त्याच्या आउटपुटच्या घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवल्या. बाकी घरात लाईट चालू ठेवली. मग त्या सोडवलेल्या दोन वायरींमध्ये होल्डरला लावलेला साधा 60 वॅटचा बल्ब जोडला. लागला नाही.

हे कशासाठी, ते सांगतो, कारण ही पायरी टाळली तर इन्व्हर्टर जळू शकतो. घरात फेज वायरींची दोन वेगळी कुटुंबं असतात, एक थेट लाईटचं आणि एक इन्व्हर्टरचं. एखाद्या बोर्डात दोन्हींचा फेज कुणी चुकून एकत्र केला, तर लाईट असताना काहीच कळत नाही, दोन्हीकडे तोच फेज असतो. पण लाईट गेली की इन्व्हर्टर त्या जोडातून उलटा मेन बोर्डाकडे आणि तिथून मीटरबाहेरच्या तारांकडे वीज ढकलू लागतो. लगेच ओव्हरलोड होतो. कधी कधी त्याचीच वीज फिरून त्याच्या इनपुटला येते, त्याला वाटतं लाईट आली, तो परत फिरतो, पुन्हा वाटतं गेली, आणि आतला रिले टक-टक-टक करत राहतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो वेगळाच. आणि अशा घरात आपण तपासणीसाठी फक्त इन्व्हर्टरचं इनपुट बंद केलं, तर इन्व्हर्टर बॅटरीवर जाऊन आउटपुट देतो, त्याच आउटपुटवर त्या जोडातून घरातली खरी लाईट येऊन आदळते आणि आतले मॉस्फेट, म्हणजे बॅटरीची वीज घरासाठी बदलणारे ट्रान्झिस्टर, जातात. आदल्या दिवशी मी नेमकं हेच केलं होतं, वायरी न सोडवता इनपुट बंद केलं होतं. घरात तसा जोड नव्हता म्हणून वाचलो.

बल्बच का, टेस्टर का नाही? एकाच पाईपातून शेजारी जाणाऱ्या वायरींमुळे सुट्या वायरीवरही टेस्टर मिणमिणतो, मीटरही वीस-तीस व्होल्ट दाखवतो. ती पोकळ वीज असते, बल्ब जोडला की नाहीशी होते. बल्ब लागला नाही याचा अर्थ या लाईनवर बाहेरची लाईट कुठून शिरत नाही.

मग इन्व्हर्टर एकटा तपासला. घराच्या वायरी सुट्याच ठेवून समोरचं बटण चालू केलं. तो बॅटरीवर आला, बीप नाही. आउटपुटला जुना 100 वॅटचा बल्ब लावला, नीट उजळला. बॅटरीवर 12.4, इन्व्हर्टरच्या टर्मिनलांवर 12.3. दोन्हींत फारसा फरक नाही म्हणजे वायरी, त्यांच्या टोकांचे धातूचे लग आणि बॅटरीच्या बाजूचा फ्यूज शाबूत आहेत.

इथे प्रकरणाचे दोन रस्ते होतात. भार काढूनही इन्व्हर्टर बॅटरी घेत नसता, तर शोध बॅटरीच्या बाजूला गेला असता. बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलांवर 12.5 व्होल्ट आहेत, पण इन्व्हर्टरकडच्या टोकाला शून्य आहे, तर मधला फ्यूज गेला किंवा लग सुटला. तिथेही 12.5 आहेत, पण पंखे लावताच आकडा दहाच्या खाली आपटतो आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर मात्र 12 टिकून आहे, तर टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय, ते गरम पाण्याने धुऊन, घासून, पाना लावून आवळायचं. दोन्हीकडे एकदमच आपटतो, तर बॅटरी दमली. साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास बहुतेक 12 व्होल्टचे इन्व्हर्टर 'बॅटरी लो' म्हणून बंद होतात, त्यामुळे ढिला लग आणि संपलेली बॅटरी पॅनेलवर सारखीच दिसतात. मीटर दोन ठिकाणी लावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि कितीतरी घरांत तेवढ्यावरून चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात. फ्यूजही नुसता डोळ्यांनी पाहून चालत नाही. काढून, मीटर बीपवर ठेवून तपासावा. बॅटरीकडचा नवा फ्यूज लावताच पुन्हा उडाला तर तिसरा लावू नये, आतले मॉस्फेट शॉर्ट झालेले असतात आणि तो इन्व्हर्टर दुरुस्तीला जायला हवा.

सरांकडे हा रस्ता बंद झाला. इन्व्हर्टर धड, बॅटरी धड. दुखणं घराच्या वायरीत.

सोडवलेल्या त्या दोन वायरींवर पुन्हा एकदा बल्ब लावून लाईट नसल्याची खात्री केली आणि मीटर ओहमवर ठेवला. सर मागे उभे राहून बघत होते. 24 ओहम. दिवे-पंख्यांच्या लाईनवर इतका कमी आकडा येत नाही. एलईडी दिवे तर मीटरला नीट दिसतही नाहीत, आणि पंख्याचा आकडा शंभरांत असतो. जुना तारेचा बल्ब थंड असताना फसवतो, 100 वॅटचा सुद्धा चाळीसेक ओहम दाखवतो. पण सरांकडे तसा एकही उरलेला नव्हता. मी एकेक खोलीचे स्विच बंद करायला सांगितले. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. आकडा 26 वर आला आणि तिथे अडून बसला. उरलं होतं वरचं बाथरूम.

"सर, 230 चा वर्ग भागिले 26 किती?"

सरांना कागद लागला नाही. "दोन हजारांच्या आसपास."

"वरच्या गिझरवर काय लिहिलंय बघता का?"

15 लिटर, 2000 वॅट. काकूंनी सकाळी उठल्यावर तो लावला होता. त्याचा स्विच बंद करायला सांगितला, मीटरवरचा आकडा नाहीसा झाला.

आता आदल्या दुपारचंही कोडं सुटलं. दुपारी गिझर बंद होता, म्हणून इन्व्हर्टर गुणी मुलासारखा चालला. रात्रीही तसंच. सकाळी गिझर लावल्यावर 2000 वॅटला 8.7 अँपिअर, त्यात दिवे-पंखे आणि बॅटरीचं चार्जिंग धरून 11 अँपिअरच्या घरात करंट जायचा. 8 अँपिअरचं बटण त्याला लगेच उडत नाही, तापायला काही मिनिटं घेतं. थंडीत 15 लिटर पाणी पुरतं तापायला वीस-बावीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ते उडायचं. टाकीत आधीचं पाणी कोमट असलं तर थर्मोस्टॅट लवकर तोडायचा आणि बटण टिकायचं. म्हणून रोज न होता अधूनमधून होत होतं. अधूनमधून येणारं ओव्हरलोड दिसलं की स्वतः चालू-बंद होणारा भार शोधावा. गिझर, फ्रीज, पाण्याचा पंप, इस्त्री. यांच्यावर बोट ठेवणं अवघड जातं ते याच कारणाने, की आपण तपासायला जातो तेव्हा ते गप्प असतात.

पण गिझर या लाईनवर आला कसा? मी बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला. गिझरचा मोठा स्विच जागेवर. त्याला माझी 4 स्क्वेअर एमएमची जाड वायर यायला हवी होती, तिचं टोक मागे टेप गुंडाळून दुमडून ठेवलेलं. तिच्याजागी शेजारच्या दिव्याच्या स्विचवरून 1 स्क्वेअर एमएमची बारीक लाल वायर फिरवून आणलेली. जोडाजवळचं प्लास्टिक पिवळं पडून चुरचुरीत झालेलं, हात लावताच तुकडा गळाला.

काकू जिन्यावरून म्हणाल्या, "फरश्या बदलल्या ना दिवाळीनंतर." झिरी मारताना कटर पाईपावरून गेला आणि आतल्या वायरी तुटल्या. फरशीवाल्याबरोबरच्या माणसाने जवळ जी वायर मिळाली तिच्यावरून गिझर चालू करून दिला. बाहेरून बोर्ड पूर्वीसारखाच दिसत होता. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "विजेचं काही काम केलं का?" आणि सर खरंच म्हणाले होते, नाही. फरश्यांचं काम हे विजेचं काम वाटत नाही कुणाला. आता मी विचारतो, घरात गेल्या सहा महिन्यांत भिंतीला कुठे हात लावला का, गवंडी, प्लंबर, रंगारी, कुणीही.

दुसरं जे दिसलं त्याने मात्र पोटात गोळा आला. कटरने हिरवी अर्थिंगची वायरही तुटली होती, आणि ती कुणी जोडलीच नव्हती. दिव्याच्या बोर्डात अर्थिंग नव्हतंच. म्हणजे तीन आठवडे हे दोघं विनाअर्थिंगच्या गिझरखाली अंघोळ करत होते. गिझरचं कॉइल चिरलं असतं तर करंट जमिनीत जायला त्या पाण्याशिवाय आणि अंगाशिवाय वाट नव्हती. इन्व्हर्टरची बीप हा त्रास वाटत होता, पण त्या घराला सावध करणारी तेवढी एकच गोष्ट चालू होती, आणि बायपास टाकून तीही गप्प केली गेली होती.

तिथल्या तिथे बारीक वायर कापून गिझर तोडला. काकूंना सांगितलं, आज पाणी गॅसवर.

खाली येऊन मेन बोर्डात इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या लाईनचा किटकॅट उपसला. आत फ्यूजच्या तारेऐवजी केबलच्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून बसवलेल्या. कधीतरी फ्यूज वारंवार जायला लागला म्हणून कुणीतरी 'पक्का' केला होता. आता साखळी पुरी झाली. किटकॅट उडणार नाही असा, इन्व्हर्टरचं 8 अँपिअरचं बटण बायपासमुळे वाटेतून बाजूला, कारण या इन्व्हर्टरमध्ये बायपासची वाट बटणाच्या आधीच फुटते. त्या बारीक वायरीला वाचवायला मीटरपर्यंत मधे काहीच उरलं नव्हतं. बायपासवर टाकल्यापासून आठवडाभर बटण उडालं नाही आणि गिझर बिनतक्रार चालला, तो यामुळे.

दुरुस्तीत विशेष काही नाही. नव्या फरश्या फोडायच्या नाहीत म्हणून मेन बोर्डापासून माळ्यावरून पट्टीतून गिझरची नवी लाईन ओढली, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही, आणि तिला वेगळा 16 अँपिअरचा एमसीबी. बोर्डातून तो जळका जोड काढून दिव्याची वायर पूर्ववत केली. किटकॅटच्या जागी 6 अँपिअरचा एमसीबी बसवला. इन्व्हर्टरचं काळं बटणही बदललं. वारंवार तापून उडालेलं बटण नंतर कमी करंटलाही उडू लागतं, आणि मग नसलेला दोष आपण शोधत बसतो. नवं 8 चंच लावलं. बटण सारखं उडतंय म्हणून 15 चं लावणं म्हणजे पुन्हा तोच किटकॅट.

मागचे स्विच पाहिले तेव्हा आणखी एक सापडलं. बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच 'फ्लॅट' वर होता, बॅटरी ट्युब्युलर. बायपास सरकवताना शेजारचा हाही सरकला असणार, दोन्ही एकाच रांगेत आहेत. ट्युब्युलरला चार्जिंगचं व्होल्टेज थोडं जास्त लागतं, फ्लॅटवर ठेवली तर ती कधीच काठोकाठ भरत नाही आणि महिन्यामहिन्याने बॅकअप घटत जातो. तो ट्युब्युलरवर आणला. तिसरा स्विच, यूपीएस आणि साध्या मोडचा, साध्यावर होता, तो तसाच ठेवला. यूपीएसवर ठेवलं की लाईटचं व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं तरी इन्व्हर्टर लाईट गेली असं धरून बॅटरीवर जातो. कॉम्प्युटर असेल तर ते हवं. पण संध्याकाळी जिथे व्होल्टेज पडतं तिथे लाईट असून बॅटरी संपते आणि खरी लाईट जाते तेव्हा हातात काही उरत नाही. सरांकडे कॉम्प्युटर नाही.

एक गोष्ट दोघांना दोनदा सांगितली. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनवरचे बोर्ड मेलेले नसतात, उलट मेन पाडताच इन्व्हर्टर त्यांना जिवंत करतो. यापुढे कुणी बोर्डाला हात लावणार असेल, तर मेन पाडायच्या आधी इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद, आणि मागचा बायपास बायपासवर नाही ना तेही बघायचं. त्या फरशीवाल्याच्या माणसालाही हे कुणी सांगितलं नसणार.

मग भाराचा हिशोब. सरांनी वहीच घेतली. चार ट्यूब वीस-वीस वॅटच्या, तीन पंखे पंचाहत्तरचे, टीव्ही ऐंशी, वायफायचा डबा दहा. 395 वॅट. बॅटरीत 12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-अवर. त्यातले सगळे काढता येत नाहीत, इन्व्हर्टरमध्ये थोडे वाया जातात, बॅटरी चार वर्षांची. मी अडीच तास म्हणालो. रात्री टीव्ही आणि दोन पंखे बंद असतात तेव्हा बरंच जास्त.

शेवटची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळीच घेतली, कारण दुपारच्या चाचणीवर माझा विश्वास उरला नव्हता. सात वाजता गिझर लावला, थंड पाण्यावर, पंखे-दिवे सगळे चालू. अर्धा तास थांबलो. काळं बटण जागेवर, पत्रा थंड. मग गिझर पुन्हा तापू लागावा म्हणून काकूंनी एक बादली गरम पाणी काढलं, गिझरचा लाल दिवा लागला, आणि मी घराचा मेन स्विच पाडला. टक. वरचा लाल दिवा विझला, फ्रीज थांबला, हॉलचा पंखा फिरत राहिला. पॅनेलवर बीप नाही.

सरांनी वहीतलं ते पान फाडलं, खाली तारीख घातली आणि इन्व्हर्टरच्या ट्रॉलीला आतून चिकटवलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'या लाईनवर एवढंच.'